लंडन–न्यूयॉर्क: जाण्याचा आणि परतीचा वेळ वेगळा का?

प्रश्न: लंडनहून न्यूयॉर्कला जायला तिकिटावर आठ तास दाखवतात, परतीला सातच. अंतर तर तेच. पृथ्वी फिरते म्हणून का? आणि पुढची कनेक्टिंग फ्लाइट ठरवताना हे कसं धरायचं?

उत्तर: पृथ्वी विमानाखालून सरकत नाही, कारण हवाही तिच्याबरोबरच फिरते. चालत्या गाडीत वर उडवलेलं नाणं जसं हातातच परत पडतं, तसंच हे. खरं कारण आहे जेट स्ट्रीम. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा. (या वाऱ्याला पूर्वेची दिशा मिळते त्यात मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे.)

हिशोब करून बघा. अंतर सुमारे 5,550 किलोमीटर, विमानाचा हवेतला वेग ताशी 900 धरू आणि वारा 100. पूर्वेकडे येताना जमिनीच्या हिशोबात वेग 1,000 होतो, म्हणजे साडेपाच तास. पश्चिमेला जाताना 800 उरतो, म्हणजे जवळजवळ सात. वर टॅक्सीचा, म्हणजे धावपट्टीपर्यंत आणि तिथून गेटपर्यंत जाण्याचा वेळ. तिकिटावर तो धरलेला असतो. गंमत म्हणजे एका बाजूला मिळालेला फायदा दुसऱ्या बाजूचं नुकसान भरून काढत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन 12 तास 20 मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे साडेबारा लागतात. समोरचा वारा विमानाला जास्त वेळ छळतो, म्हणून.

म्हणून परतीची विमानं जेट स्ट्रीम शोधत जातात आणि जाणारी तो टाळतात, त्यासाठी नकाशावर थोडा लांबचा रस्ताही घेतात. अटलांटिकवरचे हे मार्ग वाऱ्याच्या अंदाजानुसार रोज नव्याने आखले जातात. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर न्यूयॉर्कहून निघालेलं एक बोइंग 747 चार तास 56 मिनिटांत लंडनला पोचलं होतं.

आता नियोजन. तिकिटावरची वेळ त्या मोसमातल्या नेहमीच्या वाऱ्यावर बेतलेली असते, त्या दिवशीच्या नव्हे. हिवाळ्यात जेट स्ट्रीम सर्वात जोरात असतो, त्यामुळे पश्चिमेला जाताना उशिराची भीती तेव्हा जास्त. त्यात अमेरिकेत पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं. मी तर हिवाळ्यात तिथे तीन तासांपेक्षा कमी अंतराची कनेक्टिंग फ्लाइट घेणार नाही, दोन तिकिटं वेगळी काढली असतील तर त्याहून जास्त ठेवेन. लंडनकडे येताना विमान लवकर पोचेल या भरवशावर मात्र काही आखू नका. गेट रिकामं नसेल तर मिळवलेला अर्धा तास विमानातच बसून जातो. आणि परतीची फ्लाइट बहुतेक रात्रीची असते. जेवण आणि उतरण्याची तयारी वजा केली की झोपेला चारेक तासच उरतात, म्हणून त्या सकाळी महत्त्वाची मीटिंग ठेवू नका.