इन्सिडंटच्या नोंदींवरून एमटीटीडी आणि एमटीटीआर

प्रश्न: नोंदींवरून एमटीटीडी-एमटीटीआर कसं काढायचं? काम सुधारतंय का, हे त्यातून कळेल का?

बिघाड सुरू झाल्यापासून लक्षात येईपर्यंतच्या मिनिटांची सरासरी म्हणजे एमटीटीडी, आणि लक्षात आल्यापासून सेवा पूर्ववत होईपर्यंतची म्हणजे एमटीटीआर. सुरुवातीची वेळ तिकिटावरून घेऊ नका, लॉगमधली पहिली एरर शोधा. तिकीट उघडतं तेच मुळी बिघाड कळल्यावर, त्यामुळे एमटीटीडी उगाच शून्याजवळ दिसतो. सुधारणा मात्र नुसत्या सरासरीवरून ठरवू नका. पाच दुरुस्त्यांना २०, २५, ३०, ३५ आणि ३९० मिनिटं लागली तर सरासरी १०० येते, मध्यक ३०. पुढच्या महिन्यात तसा लांबलेला बिघाड आला नाही, तर टीमने काहीच न बदलता सरासरी उतरते. म्हणून मध्यकही पाहा, तोही तीव्रतेनुसार वेगवेगळा काढून.