हेल्थकेअर ब्रँडसाठी मॉडर्न क्लिनिकच्या रिसेप्शनचं वर्णन लिहायचंय. स्वच्छ आणि शांत वाटावं पण ऑपरेशन थिएटरसारखं नको. कसं लिहू?

मी कोल्हापुरात थ्रीडी व्ह्यू करणाऱ्यांना ब्रीफ लिहून देतो, आणि ही माती मी स्वतः खाल्लीय. ताराबाई पार्कातल्या एका दातांच्या क्लिनिकसाठी लिहिलं होतं, "मॉडर्न, हायजिनिक, पांढरंशुभ्र, चकाचक रिसेप्शन". व्ह्यू बघून मॅडम म्हणाल्या, "अहो, हितं बसल्यावर मलाच भूल चढंल." रेंडर करणाऱ्या पोराची काय चूक, मी लिहिलं तेच त्यानं केलं, पांढरी भिंत, पांढरी ग्लॉसी टाइल, वर 6500 केल्व्हिनचे म्हणजे निळसर थंड उजेडाचे पॅनल, आणि अख्ख्या खोलीत सावली कुठंच नाही.

खरी गोम त्या सावलीत आहे बघा. ऑपरेशन थिएटरमधला मोठा दिवा मुद्दाम असा बनवतात की डॉक्टरच्या हाताची, डोक्याची सावली जखमेवर पडू नये, म्हणून चहूबाजूंनी सारखा उजेड दिसला की माणूस घाबरतो. मग 'हायजिनिक', 'चकाचक' असले शब्दच काढले आणि उजेड कुठून येतो ते लिहिलं:

"सकाळचे साडेनऊ. डावीकडच्या खिडकीतून पातळ पडद्याआडून ऊन येतंय, बाकाच्या पायांची मऊ सावली राखाडी मॅट फरशीवर पडलीय. भिंत सायीच्या रंगाची. काउंटर सागवानी, त्यावर एक रजिस्टर, पेन आणि अपॉइंटमेंटचा पांढरा कागद, वायर एकही दिसत नाही. छतात 4000 केल्व्हिनचे दिवे, दाराशी रॅकमध्ये चपलांचे दोन जोड."

दुसरा व्ह्यू एका झटक्यात पास झाला. चपला आवर्जून लिहा, आपल्याकडं बऱ्याच क्लिनिकात चपला बाहेर काढूनच आत जातात आणि रिकामं दार दिसलं की ते शोरूम वाटतं, पण दहा जोड टाकलेत तर ओपीडीची गर्दी झाली म्हणून समजा.

उलटं पण होतं हां. उबदार पाहिजे म्हणून सगळीकडं 2700 केल्व्हिनचे दिवे टाकले तर भिंत पिवळट, जुनाट दिसते, लॉजचं रिसेप्शन वाटतं. ओळखायचं कसं, तर काउंटरवरच्या त्या कागदाकडं बघा. कागद पांढरा आणि त्याच्यामागं भिंत सायीची दिसली की जमलं, कागद निळसर असेल तर उजेड थंड, पिवळा असेल तर जास्त गरम. फोटो काढणार असाल तर आधी कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बघून घ्या, नाहीतर दोष दिव्याचा का कॅमेऱ्याचा तेच कळत नाही. आणि कॅमेरा बसलेल्या पेशंटच्या डोळ्याच्या उंचीला, साधारण 4 फुटावर ठेवायला सांगा, वरून घेतला की सीसीटीव्ही वाटतो.

अंबाबाईचा फोटो मॅडमना काउंटरच्या मागं मोठा पाहिजे होता, शेवटी बाजूच्या भिंतीवर छोट्या लाकडी फ्रेममध्ये बसवला, आणि आता पेशंट बसल्या बसल्या तिकडंच बघत असतात म्हणे.