सोसायटीच्या स्पर्धेत विजेता कसा निवडावा?

प्रश्न: गणपतीतल्या प्रश्नमंजूषेत 47 जणांची सगळी उत्तरं बरोबर आहेत. बक्षीस एकच. चिठ्ठी काढली की दरवर्षी कुरबुर होते. काय करावं?

उत्तर: चिठ्ठीऐवजी असा आकडा वापरा, जो आज कुणालाच माहीत नाही आणि उद्या सगळ्यांना दिसेल. सेन्सेक्सचा बंद आकडा यासाठी उत्तम.

आधी 47 नावांना क्रमांक देऊन यादी नोटीस बोर्डावर लावा. त्याखाली लिहा: 'शुक्रवारचा बंद आकडा, दशांश चिन्ह काढून, भागिले 47. बाकी उरेल तो क्रमांक विजेता, शून्य उरल्यास 47वा. बाजार बंद असल्यास पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा आकडा.'

समजा बाजार 81,234.56 वर बंद झाला. मग 8123456 ला 47 ने भागा. भागाकार 172839, बाकी 23. तेविसावं नाव विजेतं, आणि हे गणित कुणीही घरी करून बघू शकतो.

फक्त शेवटचे दोन अंक मात्र घेऊ नका. 00 ते 99 मध्ये काही क्रमांकांना तीन संधी मिळतात, बाकीच्यांना दोनच. आणि यादी लागल्यावर एकही नाव वाढवायचं नाही, अगदी अध्यक्षांच्या नातवाचंही.