बोनसचे पन्नास हजार आधी कुठे भरायचे: लोनमध्ये की कार्डावर?

प्रश्न: माझ्याकडे दोन क्रेडिट कार्डं आहेत. एकावर ६० हजार थकलेत (महिना ३.५ टक्के), दुसऱ्यावर २२ हजार (महिना ३ टक्के). शिवाय १ लाख ८० हजारांचं पर्सनल लोन बाकी आहे, वर्षाला १४ टक्क्यांनी, अजून ३० हप्ते. सगळं मिळून महिन्याला १८ हजार भरू शकतो. आता ५० हजार बोनस येतोय. लोन सगळ्यात मोठं आहे, डोक्यावर तेच बसलंय, म्हणून त्यातच भरावा असं वाटतं. बरोबर आहे ना?

उत्तर:

शेवटची दोन वाक्यं वाचली आणि पोटात गोळा आला. अगदी हेच म्हणत मी काही वर्षांपूर्वी धनादेश लिहिला होता. मी हिशोबतपासनीस नाही, सल्लागार तर नाहीच. स्वतः ठेच खाल्लेली बाई म्हणून लिहितेय, तेवढंच वजन द्या.

आधी एक गुणाकार करून बघा. कार्डावरच्या ६० हजारांचं महिन्याचं व्याज ३.५ टक्क्यांनी २,१०० होतं. लोनच्या १ लाख ८० हजारांवर वर्षाला १४ टक्के म्हणजे महिन्याला साधारण १.१७ टक्के, तिथलं व्याजही २,१००. तिप्पट मोठं दिसणारं कर्ज महिन्याला तेवढंच खातंय. तुम्हाला आकार दिसतोय, दर दिसत नाहीये. कार्डवाले दर महिन्यावर सांगतात आणि लोनवाले वर्षावर, त्यामुळे ३.५ हा आकडा १४ पेक्षा गरीब वाटतो. त्याला बाराने गुणलं की ४२ होतात.

म्हणून ५० हजार लोनमध्ये घातले तर महिन्याला सुमारे ५८० वाचतील. तेच पहिल्या कार्डावर घातले तर १,७५०. व्याजावर कर लागत असेल तर फरक आणखी वाढतो.

पुढचे महिने कसे जातील तेही कागदावर मांडून पाहिलं. लोनचा हप्ता तुम्ही दिला नाहीत, पण या आकड्यांवरून तो ७,१५० च्या आसपास असणार. तो नियमित भरायचा, दुसऱ्या कार्डाची किमान रक्कम भरायची आणि १८ हजारांतलं उरलेलं सगळं पहिल्या कार्डावर टाकायचं. बोनस कार्डावर गेला तर पहिलं कार्ड दुसऱ्या महिन्यात संपतं, दुसरं चौथ्या महिन्यात. बोनस लोनमध्ये गेला तर दोन्ही कार्डं संपायला नऊ महिने लागतात. यात मी कर आणि शुल्कं धरलेली नाहीत, आणि मधल्या काळात कार्डावर नवी खरेदी शून्य असं धरलंय. ही शेवटची अट फार महत्त्वाची, तिच्याकडे परत येते.

आता माझी गोष्ट, कारण मला खरा फटका चुकीच्या क्रमापेक्षा पुढच्या प्रकारात बसला. माझं लोन सुमारे २ लाख ४० हजार बाकी होतं, हप्ता साडेनऊ हजार, आणि एका कार्डावर ८५ हजार. हातात ७० हजार आले. मी ते लोनच्या खात्यात भरले, पावती घेतली, घरी येऊन पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पुढच्या महिन्यात खात्यातून हप्ता गेलाच नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मला वाटलं, वा, एवढे भरले म्हणून सवलत दिली असेल! तीन महिने ते साडेनऊ हजार घरखर्चात कुठे विरघळले, कळलंही नाही.

चौथ्या महिन्यात सहज लोनचं स्टेटमेंट काढलं. मुद्दल ७० हजारांनी कमी झालेलंच नव्हतं. ते जुन्या वेळापत्रकाप्रमाणे दर महिन्याला जेवढं उतरायचं तेवढंच उतरलं होतं. माझे ७० हजार त्यांनी आगाऊ हप्ते म्हणून जमा करून घेतले होते, सात हप्त्यांचे. म्हणजे पैसे त्यांच्याकडे, व्याज मात्र जणू भरलेच नाहीत अशा हिशोबाने चालू. लोनवर माझं काहीच वाचलं नाही, आणि तिकडे ८५ हजारांचं कार्ड सुखाने धगधगत होतं.

त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. खिडकीवरच्या माणसाचं म्हणणं, तुम्ही लेखी दिलं नव्हतं की हे मुद्दलात घ्या. मी म्हटलं, पावती देताना विचारायचं तरी होतं. तो म्हणाला, आम्ही विचारत नाही. अर्ज केला, तर तो दुसऱ्या शाखेत पाठवला. त्या शाखेने खातं जिथे आहे तिथेच जा म्हणून परत पाठवलं. शेवटी उत्तर आलं की जमा झालेले हप्ते आता फिरवता येत नाहीत. चार हेलपाटे, चार अर्ध्या रजा. मग उरलेल्या चार महिन्यांचा मोकळा हप्ता मी मुकाट्याने कार्डावर भरला, म्हणजे जिथे पहिल्याच दिवशी जायला हवा होता तिथेच. ढोबळ हिशोब केला तेव्हा कार्डावर टाळता आलं असतं असं व्याज तेरा-चौदा हजार निघालं. अजून आठवलं की चडफड होते.

म्हणून कार्डं मिटल्यावर तुम्ही लोनकडे वळाल (वळालच, तेव्हा महिन्याला जवळजवळ ११ हजार मोकळे असतील) तेव्हा जास्तीचे पैसे भरताना लेखी द्या: ही रक्कम पार्ट पेमेंट म्हणून मुद्दलात वळती करावी, हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी. ईमेल चालतो, पण उत्तर येईपर्यंत पैसे सोडू नका. भरल्यावर आठवडाभरात नवं वेळापत्रक मागा आणि बाकी मुद्दलाचा आकडा स्वतः बघा. तो भरलेल्या रकमेएवढा उतरला नसेल, किंवा पुढचा हप्ता खात्यातून गेलाच नाही, तर काहीतरी गडबड आहे असं समजायचं. मुदतीआधी भरण्यावर शुल्क आहे का आणि किती हप्ते झाल्यावर परवानगी आहे, हे करारात आधीच वाचून ठेवा. शुल्क जबर असेल तर कधीकधी लोन आपल्या गतीने जाऊ देणंच परवडतं.

आता ती नव्या खरेदीची अट. कार्डावर जुनी बाकी पुढे ओढलेली असेल तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. खरेदी केली त्या दिवसापासून मीटर सुरू. त्यामुळे ‘महिन्याच्या शेवटी भरतोच की’ म्हणत किराणा कार्डावर घेणं थांबवा. आणि कार्डाला लावून ठेवलेली महिन्याची वर्गणी, फोनचं बिल, असलं जे आपोआप कापलं जातं ते आधी दुसरीकडे हलवा. मी कार्ड कपाटात ठेवलं आणि शहाणी समजत राहिले, ते गुपचूप कापतच होतं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना चकवते. शेवटच्या बिलातली पूर्ण रक्कम भरली, हुश्श केलं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा काही शे व्याजाचं बिल. ही फसवणूक नव्हे. व्याज दिवसावर मोजतात, म्हणून बिल तयार झालं त्या दिवसापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. बाकी शून्य म्हणून ते बिल उघडायचंच नाही असं केलंत तर त्या चिल्लर रकमेवर उशिराचा दंड बसतो आणि पतनोंदीत डाग पडतो. माझा नियम असा की लागोपाठ दोन बिलं शून्याची आल्याशिवाय कार्ड मिटलं असं मी म्हणत नाही.

दोन कार्डांत आधी कुठलं, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी जास्त दरवालं आधी म्हणते. पण तुमच्या बाबतीत फरक अर्ध्या टक्क्याचा आहे, म्हणजे २२ हजारांवर महिन्याला ११०. लहान कार्ड एका फटक्यात मिटवून एक बिल कायमचं बंद झाल्याचं समाधान हवं असेल, आणि त्या जोरावर पुढचे महिने नेटाने भराल अशी स्वतःबद्दल खात्री असेल, तर खुशाल तसं करा. ११० ही त्या समाधानाची किंमत, फार नाही. लोनला कार्डांच्या आधी घेण्याची किंमत मात्र याच्या कितीतरी पट आहे, तिथे मी ऐकणार नाही.

कोणतंही कर्ज आधी फेडा, बाकीच्यांची किमान रक्कम एकदाही चुकवू नका. ती खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना लावून ठेवा, आणि वरचे पैसे हाताने भरा. फक्त किमान रक्कमच भरत राहणं म्हणजे काय ते बघा: ती बाकीच्या ५ टक्के धरली तर ६० हजारांवर ३,००० झाली, त्यातले २,१०० व्याज. मुद्दल उतरलं ९०० नी.

बोनसमधला एका हप्त्याएवढा भाग मी असते तर बाजूला ठेवला असता. फार तर कार्डं महिनाभर उशिरा मिटतील, पण मध्येच काही अडलं तर हप्ता चुकणार नाही. यावर इथे मतभेद होतील, होऊ देत.

जाता जाता: कार्डाची बाकी हप्त्यांत करून देतो म्हणून फोन येतील. दर ‘फ्लॅट’ आहे का, म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच धरलंय का, ते विचारा. २४ हप्त्यांसाठी १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या बाकीवर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतं, वर प्रक्रिया शुल्क. तरी ४२ पेक्षा कमीच आहे, म्हणून सरसकट नाही म्हणत नाही. पण तुमची कार्डं चार महिन्यांत मिटतायत. चार महिन्यांसाठी शुल्क भरून २४ हप्त्यांचं नवं गळ्यात बांधून घेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

लोनचा नेमका हप्ता आणि मुदतीआधी भरण्याचं शुल्क इथे लिहिलंत तर कार्डांनंतरचा भागही मांडून देते.