"पॅनलसाठी कोणाला जमेल?" असं विचारून उत्तर का येत नाही

"मॅडम, मी टीम लीड आहे. इंटरव्ह्यू पॅनलसाठी टीममधली दोन माणसं हवीयेत. ग्रुपवर टाकलं की सगळे बघतात, पण उत्तर कोणीच देत नाही. एकेकाला विचारायचं तर उगाच गळ्यात काम मारतोय असं वाटतं. नेमकं कसं विचारू?"

मी आधी मेसेज बघायला मागते. मागे अशीच एक टीम लीड आली होती, तिचा मेसेज होता, "हाय टीम, पुढच्या आठवड्यात काही इंटरव्ह्यू आहेत, पॅनलसाठी कोणाला जमेल?" आता यात हो म्हणायचं तर नेमकं कशाला, हे वाचणाऱ्याला कळतच नाही ना. शिवाय ग्रुपवर 12 माणसं असली की प्रत्येकाला वाटतं बाकीच्या 11 जणांपैकी कोणीतरी बोलेल.

टीममधल्या एकाने आधी "बघतो" म्हणून टाळलं होतं. मी तिला म्हटलं, त्याला पुन्हा विचारू नको, मागच्या वेळी काय झालं होतं तेवढं विचार. तो जे बोलला ते ऐकून तिलाच वाईट वाटलं. 11:30 चा इंटरव्ह्यू, इन्व्हाइट आलं 11 ला, रेझ्युमे त्याने कॉल सुरू झाल्यावर उघडला, तर समोरच्याला 9 वर्षांचा अनुभव आणि ह्याला स्वतःला 4, त्यामुळे विचारायचं काय हेच सुचेना, आणि नंतर रात्री फीडबॅकसाठी फोनवर फोन. म्हणजे तो आळशी नव्हता, त्याला पुन्हा तसं तोंडघशी पडायचं नव्हतं.

मग आम्ही दोघींनी बसून मेसेज नव्याने लिहिला, ग्रुपवर नाही, त्याच्या एकट्यासाठी:

"आपल्याला 3 ते 5 वर्षं अनुभवाचा डेव्हलपर घ्यायचाय. तू रोज ज्या प्रकारचा कोड रिव्ह्यू करतोस तेवढंच तपासायचंय, डिझाइनचा भाग मी बघते. मंगळवार 11 ते 12 किंवा गुरुवार 3 ते 4, दोन्हीतला एकच स्लॉट हवाय. रेझ्युमे आणि प्रश्नांची यादी आदल्या दिवशी दुपारपर्यंत देते. तयारीला अर्धा तास, इंटरव्ह्यू एक तास, फीडबॅक लिहायला अर्धा तास, असे एकूण 2 तास धर. त्या दिवशीचं एक काम मी तुझ्याकडून काढून घेते. उद्या संध्याकाळपर्यंत सांग, नाही जमलं तर तसंच सांग, मी दुसऱ्याला विचारीन."

ह्यात लेव्हल लिहिणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "सीनियर" म्हटलं तर प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र येतं, म्हणून वर्षं लिहायची आणि नुसती वर्षंही पुरत नाहीत, तपासायचं काय तेही लिहायचं, कारण माणूस मनात स्वतःला त्या कँडिडेटशेजारी उभं करून बघतो आणि आपल्याला हे झेपेल का ते ठरवतो. ज्याने आधी कधीच पॅनल केलं नसेल त्याला थेट बसवू नका, एकदा नुसतं ऐकायला बसवा, फीडबॅक लिहायला लावा आणि आपल्या फीडबॅकशी ताडून बघायला द्या.

स्लॉट दोन किंवा तीनच द्या. "तुला कधी जमेल" विचारलं की कॅलेंडर चाळायचं काम आपण त्याच्यावर ढकलतो आणि उत्तर लांबतं.

तयारीचा वेळ मात्र बहुतेक लोक लिहीतच नाहीत, एक तासाचं काम म्हणून विचारतात आणि माणसाचे दोन तास जातात, मग पुढच्या वेळी तो बरोबर बिझी असतो. फीडबॅकचा अर्धा तास इंटरव्ह्यूला लागूनच कॅलेंडरवर अडवून ठेवा. दोघा पॅनलिस्टनी आपापलं मत एकमेकांशी बोलायच्या आधी लिहावं, नाहीतर जो आधी ठामपणे बोलतो त्याचंच मत दोघांचं होऊन बसतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, रिलीजच्या आठवड्यात टीम गळ्यापर्यंत बुडालेली असेल तर कितीही चांगला मेसेज चालणार नाही. तेव्हा काम खरंच काढून घ्यावं लागतं नाहीतर इंटरव्ह्यू पुढे ढकलायला वरच्यांशी बोलावं लागतं. काम काढून घेतो असं लिहून ते केलं नाहीत तर ते माणूस लक्षात ठेवतो.

तिला त्याच संध्याकाळी उत्तर आलं, "गुरुवार चालेल, पण प्रश्नांची यादी बुधवारी सकाळी दे, दुपारी माझा डेमो आहे." तिने ज्या दुसऱ्या मुलीला विचारलं होतं तिने सरळ नाही सांगितलं आणि कारणही सांगितलं, म्हणून तिने लगेच तिसऱ्याला विचारलं. इंटरव्ह्यूनंतर पहिल्या मुलाने सांगितलं की तयारीला अर्धा नाही, पाऊण तास लागला. पुढच्या मेसेजात तिने 2 तासांच्या जागी सव्वादोन लिहिले.