हिमालयात ज्वालामुखी का नाही? नकाशा बाजूला ठेवा, खोलीचा छेद काढा

"आमच्या शाळेचे नववीचे पोट्टे विज्ञान प्रदर्शनीसाठी जगाचा नकाशा करत आहेत. भूकंप, ज्वालामुखी आणि सागरी गर्ता, तिन्ही प्लेटच्या कडेला येतात हे दाखवलं. पण एका मुलीने विचारलं की हिमालयही कडेलाच आहे, तिथे भूकंप होतात, मग ज्वालामुखी अन् गर्ता कुठं आहे? वरून आलेल्या तक्त्यात तर तिन्ही चिन्हं आहेत. काय सांगू?"

मॅडम, त्या तक्त्याने आमच्याही शाळेचा एक चांगला प्रकल्प खाल्ला, म्हणून जरा लांब लिहितो. मी भूगोलाचा मास्तर आहे, भूगर्भशास्त्रज्ञ नाही. पोरीला काही नवीन सापडलं तर तिचं खरं धरा.

आमच्या पोरांनी हिमालयावर ज्वालामुखी काढला नव्हता, बरोबरच होतं. परीक्षकांनी "नकाशा अपूर्ण" असा शेरा मारला. ज्या कार्यालयाने तक्ता वाटला होता तिथे मी रीतसर पत्र दिलं. उत्तर आलं, "तक्त्याप्रमाणे करावे." खाली सही, शिक्का. कोणी नकाशाची चौकट उघडून पाहिली असती तरी पुरे होतं. जाऊ द्या.

तक्त्याचा घोळ असा की तो सगळ्या कडा एकाच मापाने मोजतो. खरी गोष्ट नकाशावर दिसतच नाही, ती खोलीत दिसते. म्हणून पोरांना एकच कड घ्यायला लावा, उत्तर जपानची, आणि तिचा उभा छेद काढा.

earthquake.usgs.gov वर जुन्या भूकंपांची यादी मिळते. अक्षांश ३८ ते ४० उत्तर, रेखांश १३५ ते १४६ पूर्व, तीव्रता ४.५ च्या वर, वर्षं १९९० ते २०१० अशी चौकट टाका आणि CSV उतरवून घ्या. २०११ मुद्दाम टाळा, कारण ११ मार्चच्या त्या मोठ्या भूकंपानंतरचे धक्के इतके आहेत की उथळ भाग नुसता काळा होतो. तुम्हाला `longitude` आणि `depth` हे दोनच रकाने लागतात. ३९ अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे साधारण ८६ किमी. आलेखाच्या कागदावर आडवं अंतर आणि उभी खोली, दोन्हीला एक सेंटीमीटर म्हणजे ५० किमी धरा. उथळ ठिपके सगळे काढत बसू नका, पण साठ किमीच्या खालचा एकही सोडू नका.

एक खोड आधीच सांगतो. बरोबर १० आणि बरोबर ३३ किमीवर ठिपक्यांची सरळ आडवी ओळ दिसेल. तो खडकाचा थर नाही. खोली नीट काढता आली नाही की तिथे हे ठरावीक आकडे टाकून देतात. ते ठिपके फिक्या पेन्सिलीने काढा, नाहीतर परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.

आता कागद पूर्वेकडून वाचा. १४४ अंशाच्या आसपास जपानची गर्ता आहे, सुमारे आठ किमी खोल. पॅसिफिक प्लेट वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटरने पश्चिमेला सरकते आणि इथे वाकून जपानच्या खाली शिरते. वाकण्याच्या जागी समुद्रतळ खोल जातो, तीच गर्ता. गर्ता आणि किनारा यांच्यामधले ठिपके उथळ असतात. इथे दोन प्लेटा एकमेकींना घासून अडकतात आणि अडकलेला भाग सुटला की महाभूकंप होतो. २०११ चा ९ च्या घरातला भूकंप इथलाच, त्याची नाभी साधारण ३० किमी खोल होती.

पश्चिमेला जाल तसे ठिपके तिरकस खाली उतरतात. १४०.८ अंशावर कुरीकोमा नावाचा ज्वालामुखी आहे, त्याची खूण कागदाच्या वर करा. गर्तेपासून तो २७५-२८० किमी दूर भरतो आणि त्याच्या पोटाखाली तिरकी ओळ साधारण १०० किमीवर असते. उत्तर जपानच्या ज्वालामुखींची पुढची रांग उत्तर-दक्षिण अशीच, गर्तेला जवळपास समांतर जाते. पुढे ओळ आणखी उतरत १३५ अंशाकडे साडेतीनशे-चारशेच्या घरात पोचते, तिथे ठिपके विरळ होतात. व्लादिवोस्तोकच्या बाजूला तर पाचशे-सहाशे किमीवरही भूकंप नोंदले आहेत. एवढ्या खोल उष्ण खडक तडकत नाही, वाहतो. तरी तिथे धक्के बसतात, कारण खाली गेलेली प्लेट अजून थंड असते. वादाती कियू या जपानी भूकंपतज्ज्ञाने १९२८ पासून हे खोल भूकंप दाखवून दिले, प्लेटची कल्पना रुजायच्या कितीतरी आधी. कुरीकोमाच्या आसपास थोडे उथळ ठिपकेही दिसतील. ते वरच्या प्लेटमधल्या भेगांचे आहेत, त्यांना तिरक्या ओळीत ओढू नका.

ज्वालामुखी १०० किमीच्याच आसपास का? आमच्या तक्त्यात लिहिलं होतं, "प्लेट वितळून शिलारस होतो." ते वाक्य मात्र पोरांना घोकू देऊ नका. समुद्रतळाच्या खडकात खनिजांत बांधलेलं पाणी असतं. ओलं लाकूड चुलीत घातलं की ते पेटायच्या आधी दुसऱ्या टोकातून पाणी फसफसतं, तसं दाब-उष्णता वाढत जाते तसं हे पाणी प्लेटमधून बाहेर पडतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. तिथला खडक आधीच तापलेला असतो, पाण्याने त्याचा वितळणांक उतरतो आणि शिलारस तयार होतो. जपानच्या बाबतीत वितळतो तो मुख्यतः वरचा खडक, प्लेट स्वतः नाही.

आता पोरीचा प्रश्न. हिमालयात भारतीय प्लेटचा जो भाग तिबेटच्या खाली शिरतो तो खंडाचा आहे, जाड आणि हलका. तो बुडत नाही, थोड्या उतारावर खाली रेटला जातो. ओला समुद्रतळ १०० किमी खाली जात नाही म्हणून शिलारस नाही. भूकंप मात्र आहेत आणि बहुतेक उथळ, म्हणूनच इतके घातक. २०१५ चा नेपाळचा ७.८ चा असाच. प्लेट वाकल्याने खड्डा इथेही पडला, पण नद्यांनी तो गाळाने भरून टाकला. त्या गाळावर आज गंगेचं मैदान आहे. आणि पूर्वी ज्वालामुखी नव्हते असंही नाही. मधला टेथिस समुद्र खाली जात होता तेव्हा होते. लेहच्या आसपासचा ग्रॅनाइट म्हणजे त्यांच्या मुळाशी थिजलेला शिलारस.

तुलनेला अंदमान दाखवा. तीच भारतीय प्लेट, पण तिथे तिचा समुद्रतळ खाली जातो, म्हणून बॅरन बेटावर जिवंत ज्वालामुखी आहे. २००४ ची त्सुनामीही याच कडेवरची. फक्त तिथली गर्ता गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने बरीच बुजली आहे, जपानएवढी खोल शोधायला जाऊ नका.

परीक्षक आपल्याकडचंही विचारतात. लोणारचं सरोवर उल्कापाताचं आहे, ज्वालामुखीचं नाही. पश्चिम विदर्भातला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, पण तो प्लेटच्या कडेचा नाही. आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप प्लेटच्या पोटातला आहे. हा छेद त्याचं उत्तर देत नाही, तसं सरळ सांगायला लावा.

छेद काढताना उभं माप ताणून मोठं करू नका. दिसायला छान दिसतं, पण उतार खोटा होतो.