रविवारच्या प्रश्नपत्रिकेभोवती आखलेला आठवडा

चि.
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले वेळापत्रक पाहिले. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत प्रत्येक तासाला विषय नेमलेला आहे, पण एका संध्याकाळी पाहुणे आले तरी ते कोलमडेल. म्हणून तासांऐवजी आठवडा आख आणि त्याची सुरुवात रविवारच्या प्रश्नपत्रिकेने कर.

दहावीच्या भूमितीचा पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे मिळतात. रविवारी सकाळी 11 वाजता, बोर्डाच्या वेळेलाच, एक जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बस आणि प्रत्येक उपप्रश्न संपला की समासात घड्याळातील वेळ लिही. समज, समरूपतेच्या दोन गुणांच्या प्रश्नाला सहाऐवजी 22 मिनिटे लागली आणि शेवटी चार गुणांची रचना कोरीच राहिली. नुसते गुण मोजले तर रचना येत नाही असे वाटेल. समासातील वेळा मात्र सांगतील की रचनेची मिनिटे समरूपतेने खाल्ली.

संध्याकाळी उत्तरे तपासताना प्रत्येक गेलेल्या गुणापुढे कारण लिही: आले नाही, येत असून चुकले, की वेळ पुरला नाही. ही तपासणी कंटाळवाणी असते आणि बहुतेक मुले नेमकी तीच टाळतात. वरच्या उदाहरणात शिरोबिंदूंचा क्रम चुकीचा लिहिल्यामुळे संगत बाजूंची गुणोत्तरे उलटसुलट झाली होती, असे आढळेल. मग अख्खे प्रकरण पुन्हा वाचण्याची गरज नाही. क्रम ओळखण्याची पाच-सहा उदाहरणे पुरेत.

सोमवार ते गुरुवार शाळेनंतर पाऊण तासाच्या दोन बैठका ठेव. पहिली रविवारच्या चुकांसाठी आणि दुसरी वर्गात चालू असलेल्या धड्यासाठी. शुक्रवारी वही मिटून चुकलेले प्रश्न पुन्हा सोडव. सोमवारी दुरुस्त झालेली चूक शुक्रवारी परत आली, तर ती पुढच्या आठवड्याच्या यादीत जाईल. शनिवारची संध्याकाळ रिकामीच ठेव, कारण आठवड्यात राहून गेलेल्या बैठका तिथेच भरून निघतील. आईवडिलांना तो आळस वाटला, तर त्यांना हे पत्र खुशाल दाखव.

पुढच्या रविवारी विज्ञान भाग 1, मग बीजगणित, मग विज्ञान भाग 2 असा फेरा धर. भाषेचा पेपर 80 गुणांचा आणि तीन तासांचा असल्यामुळे तो महिन्यातून एकदा पुरे. अभ्यासक्रम अर्धाच झाला असेल, तर शिकवलेल्या प्रकरणांवरचे 20 गुणांचे प्रश्न निवडून तासाभरात सोडव.

पेपर सोडवताना एक नियम पाळ: ठरलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ गेला की तिथे जागा सोडून पुढे जा. पहिली उत्तरपत्रिका समासातील वेळांसकट घेऊन ये, आपण ती एकत्र पाहू.

तुझे,
सर